विक्री आहे पण हातात पैसा नाही: सेटलमेंटपर्यंतच्या दिवसांत भांडवल किती लागतं आणि ते कसं सांभाळायचं

प्रश्न: सोलापूरहून कॉटनच्या बेडशीट ऑनलाइन विकतो. महिन्याला साडेचार लाखांच्या आसपास विक्री होते. स्वतःचे तीन लाख घातलेत. आज पॅनलवर चालू ऑर्डरींचे २ लाख ९० हजार दिसताहेत आणि बँकेत ११ हजार आहेत. कारखानदार रोखीशिवाय माल देत नाही. सेटलमेंट डिलिव्हरीनंतर सात दिवसांनी, तेही आठवड्यातून एकदाच. पॅनलवरच ३ लाखांच्या कर्जाची ऑफर आलीये, सहा महिन्यांत फेडायचं. दिवाळीला ऑर्डरी दुप्पट होतील असं सगळे म्हणतात. घेऊ का?

उत्तर:

हे कर्ज सध्या घेऊ नका, असं माझं मत आहे. पण नुसतं मत देऊन उपयोग नाही, कारण दिवाळी तोंडावर आहे आणि माल भरायचा निर्णय तुम्हाला याच महिन्यात घ्यावा लागणार. मी स्वतः घरगुती कापडाचा माल ऑनलाइन विकतो आणि काही छोट्या विक्रेत्यांचे हिशोबही बघतो. तुमच्यासारखी अडचण माझ्याकडे वारंवार येते. येणारा प्रत्येक जण आधी सेटलमेंटच्या सात दिवसांना दोष देतो. त्या दिवसांचा त्रास खरा आहे, पण वही उघडली की बहुतेक वेळा पैसा दुसरीकडेच जास्त दिवस बसलेला सापडतो.

तुम्ही सगळे आकडे दिलेले नाहीत, म्हणून तुमच्या विक्रीला जुळतील असे काही आकडे मी गृहीत धरतो. त्यांच्या जागी तुमचे खरे आकडे घाला. पद्धत तीच राहील, उत्तर थोडं इकडेतिकडे होईल.

समजा एक बेडशीट ग्राहकाला ६३० रुपयांना जाते: ६०० किंमत आणि ५ टक्के जीएसटीचे ३०. कारखानदाराला तुम्ही जीएसटीसह साधारण ३४६ रुपये देता. पिशवी, लेबल, पुठ्ठा धरून एक नग दारातून बाहेर पडेपर्यंत ३६० रुपये रोख गेलेले असतात. कमिशन, शिपिंग, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, टीसीएस, टीडीएस हे सगळं वजा होऊन खात्यात येतात साधारण ४८५. दिवसाला ३० पार्सलं निघतात. त्यातली चार ग्राहकापर्यंत न पोहोचताच आरटीओ होऊन परत येतात आणि दोन ग्राहक उघडून परत पाठवतो. म्हणजे पक्की विक्री २४ नगांची, महिन्याला ७२०, किमतीत साडेचार लाख. आलेल्या रिटर्नमधला रोज एक नग डागाळलेला किंवा फाटलेला निघतो, असं धरू. मग थप्पी कायम तेवढीच ठेवायला रोज २५ नवे नग आणावे लागतात. २५ गुणिले ३६० म्हणजे रोज ९ हजार रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता या ९ हजारांतला एक रुपया कारखानदाराच्या हातात गेल्यापासून तुमच्या खात्यात परत यायला किती दिवस घेतो ते मोजू. माल तुमच्या खोलीत सरासरी २५ दिवस पडून राहतो. पार्सल निघाल्यापासून डिलिव्हरीपर्यंत ६ दिवस. मग सात दिवसांची रोखण. त्यानंतर आठवड्याच्या पेआउटच्या दिवसाची वाट आणि बँकेत जमा होईपर्यंतचा वेळ, सरासरी ४ दिवस. एकूण झाले ४२.

रोज ९ हजार जातात आणि ४२ दिवसांनी परततात, म्हणजे कोणत्याही क्षणी ३ लाख ७८ हजार रुपये वाटेत असतात. त्यात परतीच्या प्रवासातला माल धरा. रोज सहा नग, जाऊन येऊन पंधरा दिवस, म्हणजे ९० नग, ३२ हजार रुपये. बेरीज ४ लाख १० हजार. तुमचं भांडवल ३ लाख आहे. उरलेला १ लाख १० हजार कुठून तरी येतोच आहे: क्रेडिट कार्डातून, घरच्यांकडून, पोऱ्याचा पगार चार दिवस पुढे ढकलून, भाडं थकवून. बँकेत ११ हजार दिसतात ते त्यामुळेच. धंदा तोट्यात आहे असा त्याचा अर्थ नाही. ४ लाख १० हजारांचं चक्र तुम्ही ३ लाखांवर फिरवताय, एवढाच आहे.

त्या ४२ दिवसांची वाटणी पुन्हा एकदा बघा. रोखण आणि पेआउट मिळून ११ दिवस प्लॅटफॉर्मचे. ते उद्या शून्य झाले तर तुमचे ९९ हजार मोकळे होतील, पण तो निर्णय तुमचा नाही. खोलीतले २५ दिवस मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. ते १३ वर आणलेत तर १ लाख ८ हजार मोकळे होतात, म्हणजे जवळजवळ तुमचा सगळा खड्डा भरतो. म्हणून सेटलमेंटच्या उपायांआधी थप्पीबद्दल बोलतो.

खोलीत आज साधारण ६२५ नग असतील. प्रत्येक डिझाईनपुढे दोन गोष्टी लिहा: किती नग शिल्लक आहेत आणि गेल्या तीस दिवसांत किती गेले. हे काम एका संध्याकाळचं आहे. बहुतेकांच्या वहीत चित्र सारखंच दिसतं. आठदहा डिझाईन धावतात, बाकीची वीसपंचवीस कोपऱ्यात बसलेली असतात. धावणाऱ्या डिझाईनचा माल आठवड्यात संपतो आणि तेव्हा नवा आणायला पैसे नसतात, कारण ते त्या कोपऱ्यात अडकलेले असतात. साठ दिवसांपेक्षा जुने २०० नग निघाले, तर त्यात तुमचे ७२ हजार आहेत. हा माल सोलापुरातल्या एखाद्या दुकानदाराला, लॉजला किंवा हॉस्टेलला २८० रुपये दराने एकगठ्ठा द्या. १६ हजारांचा तोटा होईल, पण ५६ हजार रोख हातात येतील. त्यात धावणाऱ्या डिझाईनचे १५५ नग येतात. जाहिरात आणि रिटर्नचा खर्च काढून एका नगामागे ७० रुपये जरी उरले, तरी एका चक्राला ११ हजार होतात. आणि चक्र तीस दिवसांचं झालेलं असेल, तर दीड महिन्यात तोटा भरून निघतो. मात्र हे गणित धावणाऱ्या डिझाईनला मागणी आहे आणि माल नाही म्हणून विक्री थांबते, अशीच स्थिती असेल तर लागू आहे. तुमच्याकडे तसं होतं का, हे लिस्टिंगवर ती डिझाईन महिन्यात किती दिवस ‘आउट ऑफ स्टॉक’ होती यावरून कळेल.

दुसरा बदल खरेदीचा. महिन्याचा गठ्ठा एकदम उचलण्याऐवजी दर आठवड्याला १७५ नग उचला. कारखानदार एकदम घेतल्यावर नगामागे पाचसहा रुपये सोडत असेल, तर ती सवलत जाईल. ती जाऊ द्यावी का, हे तुमचा पैसा किती महाग आहे यावर ठरतं. पैसा घरचा असेल आणि पडून असेल, तर सवलत घ्या. त्या खरेदीसाठी तुम्ही महिना तीन टक्क्यांचं कर्ज काढणार असाल, तर ३६० च्या नगावर महिन्याला जवळजवळ ११ रुपये व्याज जातं आणि सहा रुपयांच्या सवलतीला अर्थ उरत नाही. तुम्ही सोलापुरातच आहात हा तुमचा मोठा फायदा आहे. मुंबई-पुण्यात बसून हाच माल मागवणाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या भाड्यामुळे गठ्ठाच मागवावा लागतो. तुम्ही टेम्पोत आठवड्याचा माल आणू शकता.

उधारीकडे येऊ. कारखानदार रोख मागतो, कारण त्यालाही सुताचे पैसे द्यायचे असतात. त्याच्याकडे सगळ्या मालावर उधारी मागू नका. धावणाऱ्या चारपाच डिझाईनसाठी तीन महिन्यांची अंदाजी मागणी लिहून द्या आणि फक्त त्यावर १५ दिवस मागा. ‘गुरुवारी पेआउट येतं, शुक्रवारी तुमचे पैसे’ असं बोला आणि तो शुक्रवार पाळा. माझ्या अनुभवात लेखी मागणी आणि ठरलेला वार या दोन गोष्टींवर कारखानदार तयार होतो, केवळ ओळखीवर होत नाही. आधी अर्ध्या मालावर जमवा. पूर्ण मालावर १५ दिवस मिळाले, तर तुमच्या रोजच्या ९ हजारांच्या हिशोबाने १ लाख ३५ हजारांचं भांडवल बिनव्याजी मिळालं. पुढच्या तारखेचे चेक मात्र शक्यतो देऊ नका. पेआउट दोन दिवस लांबलं आणि चेक परत गेला, तर संबंधही जातो आणि कायद्याचा ससेमिराही मागे लागतो.

इथे एक नियम माहीत असू द्या. कारखानदार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली, तर त्या वर्षीच्या प्राप्तिकरात तो खर्च धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच तो धरला जातो. म्हणून उधारीची मुदत एका साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा.

काही जण विचारतात की हाच ४५ दिवसांचा नियम प्लॅटफॉर्मला लावून आपले पैसे लवकर मागता येतील का, किंवा ही येणी दाखवून बिल डिस्काउंटिंग, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे, मिळतील का. दोन्ही ठिकाणी एकच अडचण येते. मार्केटप्लेस तुमचा माल विकत घेत नाही. तुमचं बिल ग्राहकाच्या नावावर फाटतं, प्लॅटफॉर्म मधला दुवा आहे. बिल डिस्काउंटिंगला ‘हो, हे बिल मला मान्य, अमुक तारखेला देईन’ असं लिहून देणारा खरेदीदार लागतो. तुमच्या व्यवहारात तसा कोणी नाही. रक्कमही रिटर्नमुळे शेवटपर्यंत पक्की नसते.

त्यावरून पॅनलवरच्या २ लाख ९० हजारांकडे येतो, कारण कर्जाचा विचार तुमच्या मनात त्या आकड्याच्या भरवशावर आला असावा. वाटेतल्या सहा दिवसांच्या १८० ऑर्डरी आणि डिलिव्हर होऊन रोखलेल्या ११ दिवसांच्या २८६ ऑर्डरी, प्रत्येकी ६३० ने, अशी ती बेरीज जवळपास जुळते. पण त्या ४६६ ऑर्डरींपैकी शेवटी टिकणार ४०८. प्रत्येकीचे येणार ४८५. म्हणजे १ लाख ९८ हजार. जाहिरातीचे पैसे सेटलमेंटमधूनच कापले जात असतील, तर महिन्याच्या २० हजारांच्या हिशोबाने या सतरा दिवसांचे ११ हजार गेले. ग्राहकाने परत पाठवलेल्या ३४ पार्सलांचा उलट्या वाहतुकीचा खर्च नगामागे १२० धरला तर ४ हजार गेले. उरले १ लाख ८२ हजारांच्या आसपास. पॅनलवरचा आकडा आणि तुमचा पैसा यांत एक लाखाहून जास्त फरक आहे. जो विक्रेता पॅनलवरचा आकडा बघून कारखानदाराला शब्द देतो, तो दर पंधरवड्याला खोटा पडतो.

म्हणून येणाऱ्या पैशाचा अंदाज पॅनलवरून करू नका, तुमच्या डिस्पॅचवरून करा. एका कागदावर पुढचे सहा आठवडे लिहा. या आठवड्यात २१० पार्सलं निघाली, तर त्यातली ८० टक्के टिकतील, गुणिले ४८५, आणि तो पैसा साधारण अडीच आठवड्यांनी येईल. त्याच्या खाली त्या आठवड्यात जाणारा पैसा लिहा: माल, भाडं, पगार, जीएसटी, घरखर्च. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते, तो तुम्हाला चार आठवडे आधी दिसेल. चार आठवडे आधी कळलं तर खरेदी कमी करता येते, कारखानदाराशी बोलता येतं. आदल्या दिवशी कळलं तर फक्त महाग कर्ज मिळतं. भाडं आणि पगाराची तारीख पेआउटच्या दुसऱ्या दिवशी आणता आली तर तेही करून घ्या.

८० टक्के आणि ४८५ हे दोन आकडे महिन्याला एकदा सेटलमेंटच्या फाइलवरून ताजे करा. ती फाइल उतरवून ऑर्डर क्रमांकाने तुमच्या डिस्पॅचच्या यादीशी जुळवा. तीन गोष्टी हटकून सापडतात. काही आरटीओ पार्सलं महिना उलटला तरी परत आलेली नसतात. काही पार्सलांचं वजन चुकीचं धरून जास्त शिपिंग लावलेलं असतं. काही रिटर्न तुमच्याकडे पोहोचल्याचं दाखवतात, पण पोहोचलेली नसतात. या प्रत्येकाच्या दाव्याला मुदत असते आणि ती प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलते, तेव्हा तुमच्या पॅनलवर ती पाहून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पॅकिंग करताना वजनकाट्यावरच्या पार्सलाचा फोटो आणि रिटर्न उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल, तर दावा बहुधा टिकत नाही. दिवसाचे चार आरटीओ तीनवर आले तर येणारा पैसा वाढतो आणि अडकलेला कमी होतो. त्यासाठी सीओडी ऑर्डरींमध्ये कुठले पिनकोड वारंवार परत येतात तेही याच फाइलमधून निघतं.

कराबद्दल थोडक्यात. जीएसटी मालाच्या बिलाच्या तारखेला लागतो, पैसे मिळाल्याच्या तारखेला नाही. त्यामुळे १८ टक्क्यांचा माल विकणाऱ्याला सेटलमेंट यायच्या आत कर भरावा लागू शकतो आणि त्याचं अंतर आणखी रुंदावतं. तुमचा माल ५ टक्क्यांचा आहे आणि प्लॅटफॉर्मच्या सेवांवर १८ टक्के लागतात. वरच्या उदाहरणात नगामागे ३० रुपये कर देणं आहे, तर खरेदीवरचं आणि सेवांवरचं क्रेडिट मिळून ३८ रुपये. म्हणजे तुम्हाला रोखीत सहसा भरावं लागू नये. भरावं लागत असेल तर दोन गोष्टी तपासा: कारखानदार त्याचं विवरण वेळेवर भरतो का, आणि प्लॅटफॉर्मची कमिशनची बिलं तुमच्या जीएसटी क्रमांकावर येतात का. जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या 2B या क्रेडिटच्या यादीत ती दिसत नसतील, तर क्रेडिट त्या महिन्यात मिळत नाही आणि रोख जाते.

प्लॅटफॉर्म टीसीएस म्हणून निव्वळ विक्रीवर अर्धा टक्का कापतो. १० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता. तुमच्या विक्रीवर ते महिन्याला २ हजारांहून थोडे जास्त, वर्षाला २६ हजारांच्या घरात होतात. जीएसटी पोर्टलवर `TDS and TCS Credit Received` हे पान उघडून ती रक्कम तपासा आणि स्वीकारा. मग ती तुमच्या कॅश लेजरमध्ये येते आणि तिथली जास्तीची शिल्लक परतावा म्हणूनही मागता येते. ती आपोआप मिळाली असेल असं गृहीत धरू नका. प्राप्तिकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. तो लहान आहे, पण प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसतोय ना तेवढं बघा.

आता कर्ज. व्याजाचा दर तुम्ही लिहिलेला नाही. अशा ऑफरमध्ये बऱ्याचदा ‘महिना फक्त दीड टक्का’ असं असतं आणि ते पूर्ण मुद्दलावर सपाट लावलेलं असतं. समजा ३ लाख, सहा महिने, दीड टक्का सपाट. व्याज २७ हजार, २ टक्के प्रोसेसिंग आणि त्यावरचा जीएसटी ७ हजार. हातात येणार २ लाख ९३ हजार आणि दर महिन्याला जाणार ५४,५००. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण तीन लाखांवर धरलेलं असल्याने खरा वार्षिक दर ३९ टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज देणाऱ्याने तुम्हाला मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे `KFS`, दिलं पाहिजे आणि त्यात हा खरा वार्षिक दर, म्हणजे `APR`, छापलेला असला पाहिजे. तो आकडा बघितल्याशिवाय ‘ॲक्सेप्ट’ दाबू नका.

पण मला दरापेक्षा हप्ता जास्त घातक वाटतो. तुमचा महिन्याचा हिशोब असा: ७२० नगांवर १२५ रुपयांप्रमाणे ९० हजार. त्यातून रिटर्नची वाहतूक ७ हजार, खराब झालेले नग ११ हजार, जाहिरात २० हजार, भाडं आणि पगार २८ हजार. उरतात २४ हजार. यातूनच घरखर्च चालतो. मग ५४,५०० चा हप्ता येणार कुठून? तो मालाच्या पैशातून जातो, दुसरी वाटच नाही. आणि हप्ता सेटलमेंटमधूनच कापला जाणार असेल, तर तुम्हाला थांबवायचीही सोय नाही. दर महिन्याला १५० नग कमी येतील. पहिले दोन महिने भरल्यासारखे वाटतील, तिसऱ्या महिन्यापासून धावणाऱ्या डिझाईनचा माल तुटायला लागेल, आणि तेव्हा पॅनलवर पुढची ऑफर आलेली असेल. ४२ दिवसांच्या चक्रात कायम अडकून राहणारा पैसा सहा महिन्यांत फेडायच्या कर्जातून उभा करायचा नसतो. तो स्वतःचा असावा, नाहीतर कारखानदाराच्या उधारीचा, नाहीतर बँकेच्या कॅश क्रेडिटचा. कॅश क्रेडिटमध्ये वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचंच व्याज लागतं आणि मुद्दलाचा हप्ता नसतो. लहान उद्योगांसाठी बँका अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल मोजतात. तुमच्या ५४ लाखांवर ते १० लाख ८० हजार होतं. एवढं मिळेलच असं नाही, बँक तुमची जीएसटी विवरणं, प्राप्तिकराचे रिटर्न आणि खात्यातले व्यवहार बघते. तीनचार लाखांसाठी मुद्रामधून अर्ज करायला मात्र हरकत नाही. मंजुरीला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत मिळेल असं धरून चालू नका, पण अर्ज आताच करा.

दिवाळीचं काय? ऑर्डरी दुप्पट झाल्या तर रोजची खरेदी १८ हजारांची. आजच्याच ४२ दिवसांच्या चक्राने, परतीच्या मालासह, ८ लाख २० हजार लागतील. तुमचे ३ लाख आणि कर्जाचे ३ लाख मिळूनही ते होत नाही. म्हणजे कर्ज घेऊनही तुम्ही ऐन हंगामात माल नाही म्हणून थांबाल, आणि हप्ता तर चालूच राहील.

त्याऐवजी मी तुमच्या जागी दीडपटीची तयारी करेन, फक्त धावणाऱ्या दहा डिझाईनवर. आजपासून जुना माल काढायला घेईन आणि खोलीतले दिवस १३ वर आणेन, म्हणजे चक्र ३० दिवसांचं. रोजची खरेदी १३,५००, गुणिले ३०, अधिक परतीच्या मालाचे ४९ हजार, मिळून साडेचार लाख. त्यात माझे ३ लाख, आणि कारखानदाराची १५ दिवसांची उधारी जमली तर तिचे २ लाख. भागतं. उधारी अर्ध्याच मालावर मिळाली, तर पन्नास हजार कमी पडतील आणि मी सव्वापटीवर थांबेन. जाहिरातीचं बजेटही त्याच हिशोबाने ठेवेन. माल भरायला पैसा नसताना ऑर्डरी वाढवल्या तर त्या रद्द कराव्या लागतात, मग खात्याची कामगिरी घसरते आणि काही ठिकाणी दंडही लागतो.

हंगामानंतरचे तीन आठवडे आताच कागदावर घ्या. सणाच्या विक्रीची रिटर्न साधारण त्याच वेळी येतात, जेव्हा नव्या ऑर्डरी मंदावलेल्या असतात. उलट्या वाहतुकीचा खर्च आणि आधी मिळालेल्या पैशाची वजावट त्या छोट्या सेटलमेंटमधून होते. एखाद्या आठवड्यात पेआउट शून्य किंवा उणे दिसू शकतं. कारखानदाराच्या उधारीचे शुक्रवारही याच आठवड्यांत येतात. म्हणून दिवाळीच्या प्रत्येक पेआउटमधून दहाबारा टक्के दुसऱ्या खात्यात टाका आणि डिसेंबर लागेपर्यंत त्याला हात लावू नका. दिवाळीच्या आठवडाभर आधी नवी खरेदी थांबवा, थप्पी उतरू द्या.

आज रात्री डिझाईनप्रमाणे शिल्लक आणि गेल्या तीस दिवसांची विक्री लिहून काढा आणि इथे टाका, सोबत कर्जाच्या ऑफरमधला `APR` आणि हप्त्याचा आकडाही. कुठली डिझाईन काढायची आणि दीडपट जमते की सव्वापट, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.